निळी खुर्ची

कामशेतचा बोगदा मागे पडला आणि पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकेक करून लागायला लागले. रविवारची संध्याकाळ होती. पुण्यात शनिवार-रविवार घालवलेली निम्मी मुंबई द्रुतगती मार्गाने घरी निघाली होती, म्हणजे गर्दी असणारच. पण गर्दीतही गाड्या ऐंशीने धावत असतात. त्या आता विसावर आल्या. डावीकडे लोहगड-विसापूर धुक्यात बुडालेले. शेजारच्या सीटवर मामा. एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यामुळे माझ्या शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय अधूनमधून नसलेला ब्रेक दाबतो.

"फुडं कायतरी झालंय," मामा म्हणाले.

मळवलीच्या आसपास कळलं की पुढे काहीच झालेलं नव्हतं. जे झालं होतं ते पलीकडे, पुण्याला जाणाऱ्या बाजूला. आमच्या तिन्ही मार्गिका स्वच्छ. एक खडासुद्धा आडवा नाही. दुभाजकावरच्या झुडपांच्या फटीतून पलीकडे कुशीवर पडलेला एक टेम्पो दिसला आणि रस्ताभर सांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. लाल, हिरव्या, उलट्या, पालथ्या. त्यात एक निळी खुर्ची मात्र मधल्या मार्गिकेत चारी पायांवर सरळ उभी होती, कुणीतरी पाहुण्यासाठी मांडून ठेवावी तशी. कडेला आणखी एका खुर्चीवर टेम्पोचा ड्रायव्हर बसला होता, बाटलीतून पाणी पीत. त्याला फारसं लागलेलं दिसत नव्हतं. आम्ही त्याच्याकडे बघत होतो आणि तो आमच्याकडे.

"बाळा, फुडं बघ," मामा म्हणाले. "बघायचं काम माझं." आणि त्यांनी सावकाश मान वळवून सगळं नीट बघून घेतलं.

दोन-तीन सेकंदांत ते मागे पडलं. पुढची गाडी सुटली, मीही सुटलो. आरशात मागे बघितलं, तर दिव्यांची रांग बोगद्याच्या दिशेने गेलेली. म्हणजे जवळपास दहा मिनिटं मी ज्याच्यासाठी रखडलो ते एवढंच होतं. आणि मीही बघितलंच. शिवाय बघताना पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला गेला, हे मला नंतर कळलं. ब्रेक मी मारला नव्हता. फक्त पाय उचलला होता.

त्या उचललेल्या पायाचा हिशेब मी घरी गेल्यावर मांडला. वाहतूक अभियंते एका साध्या मापाने चालतात: एका मार्गिकेत एकामागोमाग येणाऱ्या दोन गाड्यांमध्ये वेळेचं अंतर किती. वाहत्या गर्दीत ते साधारण दोन सेकंद धरू. म्हणजे एका मार्गिकेतून मिनिटाला तीस गाड्या, तिन्हींतून नव्वद. त्या संध्याकाळी मिनिटाला ऐंशी येत होत्या असं धरा. ऐंशी येतात, नव्वद जाऊ शकतात; रस्ता भरलेला, पण वाहता. आता टेम्पोसमोर आल्यावर प्रत्येक जण जरा रेंगाळतो आणि पुढच्याशी असलेलं अंतर दोनाचं तीन सेकंद होतं. एकच सेकंद वाढला. पण आता मार्गिकेतून मिनिटाला वीसच गाड्या सुटतात, तिन्हींतून साठ. येतात ऐंशी. दर मिनिटाला वीस गाड्यांची थकबाकी साचत जाते. टेम्पो अर्धा तास पडून राहिला तर थकबाकी सहाशे गाड्यांची, आणि मिनिटाला साठच सुटत राहिल्या तर तेव्हा शेवटी असलेल्या गाडीला मोजावी लागणारी किंमत दहा मिनिटं.

खरी गंमत पुढे आहे. अर्ध्या तासाने क्रेन येते, टेम्पो उचलते, खुर्च्या गोळा होतात. बघायला काही उरत नाही, प्रत्येक जण पुन्हा दोन सेकंदांवर येतो. पण रस्त्याची कमाल ताकद मिनिटाला नव्वदचीच आहे आणि मागून ऐंशी येतच आहेत. फेडायला उरतात मिनिटाला दहा. सहाशेची थकबाकी फिटायला पूर्ण एक तास. टेम्पो अर्धा तास पडून होता. त्याच्याकडे बघण्याचं कर्ज, तेही पलीकडच्या बाजूला, त्याच्या दुप्पट वेळ फिटत राहतं.

माझे आकडे सोयीचे, गोल केलेले आहेत. गर्दी विरळ असेल, मिनिटाला चाळीसच गाड्या येत असतील, तर सगळ्यांनी मनसोक्त बघितलं तरी कोणाचं काही अडत नाही. साठ सुटू शकतात, चाळीसच आहेत. म्हणून पहाटे चारला झालेल्या अपघाताकडे ट्रकवाले निवांत बघत जातात आणि रांग लागत नाही. रस्ता काठोकाठ भरलेला असतो तेव्हाच तो एक सेकंद महाग पडतो. आणि अपघात आपल्याच बाजूला असेल तर वेग कमी करणं हे शहाणपणच आहे. तिथे काचा असतात, माणसं धावत असतात. पलीकडच्या बाजूच्या अपघाताला मात्र ही सबब नाही. तिथे आपल्याला थांबवतं ते केवळ आपलं बघणं.

टॉमस शेलिंग नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७८ साली आलेल्या आपल्या पुस्तकात याच बघ्यांचा विचार केला आहे. त्यांना पुढे, २००५ मध्ये, नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की दहा सेकंद बघण्यासाठी माणूस आयुष्यातली दहा मिनिटं देतो. पण देतो कधी? बघण्याआधीच. पुढच्यांच्या बघण्याचे पैसे त्याने रांगेत उभं राहून चुकते केलेले असतात. अपघातापाशी पोचतो तेव्हा तिकीट फाटलेलं असतं. मग खेळ न बघता कोण जाईल? त्याने न बघता सुसाट जायचं ठरवलं तर त्याचा स्वतःचा एक सेकंदही वाचत नाही. वाचतो तो मागच्यांचा, आणि मागच्यांना तो ओळखत नाही. सगळ्यांना मत विचारलं तर सगळेच म्हणतील, कोणीच बघू नये, आपण सगळे दहा मिनिटं आधी घरी पोचू. पण रांगेत मतदान होत नाही. तिथे प्रत्येक जण एकेकटा समोर येतो.

शेलिंगच्या हिशेबात सगळं बसतं, फक्त पहिला माणूस बसत नाही. त्याच्या पुढे रांग नव्हती, त्याने काही मोजलेलं नव्हतं. तो का बघतो?

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये लिऑन्टियस नावाचा एक माणूस येतो. पिरेअस बंदराकडून अथेन्सला येताना तटाच्या बाहेर त्याला मृत्युदंड दिलेल्यांची प्रेतं पडलेली दिसतात. बघावंसं वाटतं आणि त्या वाटण्याची शिसारीही येते. तो तोंड झाकून घेतो, झगडतो, शेवटी हरतो. धावत जाऊन डोळे फाडून बघतो आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या घालतो, घ्या, पोट भरून बघून घ्या. सव्वादोन हजार वर्षांहून जुनी ही गोष्ट आहे. एवढंच, की लिऑन्टियसच्या मागे हॉर्न वाजवणारं कोणी नव्हतं.

मामांना मी विचारलं, एसटीत असताना काय करायचात? ते म्हणाले, "अपघात दिसला की सगळी गाडी एका खिडकीशी. कंडक्टर तिकिटं सोडून खिडकीत. आणि पहिला प्रश्न काय असायचा? कुठली गाडी हाय? कुठल्या डेपोची? मग नंबर वाचायचे. आपल्या गावचं कुणी हाय का, ते बघायचे. नसलं की मग गप बसायचे जागेवर."

मला हे उत्तर लिऑन्टियसपेक्षा जवळचं वाटतं. माणसाची नजर रक्ताची हावरी असते असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मी त्या दिवशी आधी काय शोधलं? टेम्पोची नंबरप्लेट, मग माणूस, मग तो हलतोय का. तो पाणी पितोय हे दिसल्यावर मला सुटल्यासारखं झालं, आणि त्यानंतरच ती निळी खुर्ची दिसली. धोका दिसला की तो नेमका काय आहे आणि आपला आहे का, हे कळेपर्यंत डोळा तिथून हटत नाही. रानात हे उपयोगाचं होतं. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. दोन सेकंद मान वळवली की चव्वेचाळीस मीटर रस्ता न बघता काटला. मामा म्हणतात तसं, गाडी नजरेमागं जाते: डोळे उजवीकडे गेले की हातही नकळत थोडे उजवीकडे वळतात. आणि पुढचा नेमका त्याच क्षणी बघण्यासाठी हळू झालेला असतो. एका अपघाताच्या समोर दुसरा होतो तो असा.

यावर उपाय नाहीत असं नाही. इंग्लंडमध्ये मोठ्या अपघाताभोवती पडदे उभारतात, म्हणजे पलीकडच्यांना दिसूच नये. आपल्याकडे दुभाजकावरची झाडं दाट असतील तर ती समोरच्या दिव्यांची तिरीप अडवतात तसंच थोडं हेही काम करतात. मळवलीला नेमकी तिथेच फट होती. सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे बघण्यासारखी वस्तू लवकर उचलणं. आमच्या हिशेबात क्रेन अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटांत आली असती तर थकबाकी तीनशेचीच उरली असती.

त्या संध्याकाळी आम्ही घाट उतरलो, खालापूरला चहा घेतला. तेवढ्यात मामेभावाचा फोन आला. तो पुण्याहून आमच्या बऱ्याच मागून निघाला होता.

"दादा, कामशेतच्या बोगद्यापाशी काय झालं होतं रे? पाच-सात मिनिटं नुसते रांगत होतो. मग एकदम सुटलो. तिथे काहीच नव्हतं, आणि पुढे लोणावळ्यापर्यंतही काही दिसलं नाही."

बरोबर होतं त्याचं. कोंडी एका जागी बसून राहत नाही. जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल वाटेवर २२ गाड्या सारख्या वेगाने फिरवून पाहिल्या होत्या. २००८ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध झाला. अडथळा काहीच नव्हता, तरी थोड्या वेळात एक गुंता तयार झाला आणि गाड्या पुढे जात असताना तो ताशी सुमारे वीस किलोमीटरने मागे सरकत राहिला. पुढून एकेक सुटत जातो, मागून एकेक अडकत जातो, आणि गुंता उलट चालत राहतो. मळवलीला लागलेली आमची गाठ टेम्पो उचलल्यावर अशीच मागे मागे सरकत बोगद्यापर्यंत गेली होती. माझा भाऊ अडकला तेव्हा खुर्च्या केव्हाच उचलल्या गेल्या असणार.

हे सगळं फोनवर कसं सांगायचं याचा मी विचार करत होतो. मामांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"काय झालं न्हवतं रं," ते म्हणाले. "तुझ्या दादानं एक निळी खुर्ची बघितली."