तीन आणि नऊ यांच्या मधली जागा

नऊ घटकांचा एक गट आहे, एवढंच मला कुणी सांगितलं आणि बाकी सारं झाकून ठेवलं, तरी त्याच्याबद्दल एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगेन: त्यातले कोणतेही दोन घटक घ्या, आधी x मग y किंवा आधी y मग x, उत्तर एकच येणार. घटक संख्या आहेत, सारण्या आहेत की कसली फिरवाफिरवी, हे मला विचारावंही लागत नाही. पंचवीस, एकोणपन्नास, एकशे एकवीस घटक असले तरी हेच. मूळ संख्येचा वर्ग असला की पुरे. क्रमनिरपेक्षता हा क्रियेचा स्वभाव, आणि घटक किती ही नुसती शिरगणती. शिरगणतीवरून स्वभाव कसा कळावा? या प्रश्नाने मला फार दिवस धरून ठेवलं आहे.

गटाकडे मागणी तशी थोडीच असते. दोन घटकांवर क्रिया केली की उत्तर गटातच राहावं, कंस कुठेही घातला तरी चालावं, एक अविकारक घटक असावा आणि प्रत्येक घटकाला त्याचा व्यस्त असावा. क्रमाबद्दल या नियमांत अवाक्षर नाही. आणि क्रम बदलला की उत्तर बदलणारे गट हाताशीच असतात. एक चौकोनी कागद घ्या, चार कोपऱ्यांवर १ ते ४ आकडे लिहा, १ वरच्या डाव्या कोपऱ्यात. कागद घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा आणि मग डावी-उजवी बाजू बदलेल असा पालथा घाला: १ पुन्हा वर डावीकडे येतो. आता आधी पालथा घाला, मग तसाच पाव फेरा फिरवा: १ खाली उजवीकडे जातो. कागद आपल्याच चौकटीत पुन्हा बसवण्याच्या अशा आठ रीती आहेत, आणि त्या आठांचा गट क्रमनिरपेक्ष नाही. आठ हा दोनाचा घन, वर्ग नव्हे. हा फरक पुढे कामाला येईल.

मूळ संख्येचा सर्वांत छोटा वर्ग चार. आर्थर केली यांनी १८५४ च्या लेखात चार घटकांचे दोनच प्रकारचे गट होतात असं दाखवलं, आणि दोन्ही क्रमनिरपेक्ष. चारचं कारण सोपं आहे. लाग्रांजच्या प्रमेयानुसार उपगटातल्या घटकांची संख्या मोठ्या गटाच्या संख्येला भागते. त्यामुळे एखाद्या घटकाचे घात घेत गेलं की तो एक, दोन किंवा चार पावलांत अविकारकावर पोचतो. कुणी चार पावलं घेणारा असेल तर सारा गट त्याचेच घात, आणि एकाच घटकाचे घात एकमेकांशी कुठल्याही क्रमाने जुळतात. तसा कुणी नसेल तर प्रत्येक घटक स्वतःचाच व्यस्त. मग xy = (xy)⁻¹ = y⁻¹x⁻¹ = yx. एका ओळीत काम झालं.

हीच युक्ती नऊला लावायला जावं तर ती तिथेच थांबते. नऊ पावलांचा घटक असला तर प्रश्न नाही. नसला तर प्रत्येकाचा घन अविकारक होतो, आणि xy चा व्यस्त येतो y²x². त्यातून yx काही निघत नाही. ही आपल्या चतुराईची कमतरता नव्हे, वाट खरोखरच बंद आहे. कारण सत्तावीस घटकांचा असा गट आहे, ज्यात प्रत्येकाचा घन अविकारक होतो आणि तरीही क्रम बदलला की उत्तर बदलतं. तेव्हा नऊची कथा घटकांच्या घातांमध्ये नाही, ती मोजणीतच शोधायला हवी.

मोजायचं काय? एक घटक x घ्या आणि गटातल्या प्रत्येक g साठी gxg⁻¹ काढा. g आणि x यांचं जमत असेल, म्हणजे gx = xg असेल, तर हाती x च येतो; नसेल तर दुसरं काही. अशी जी निरनिराळी उत्तरं मिळतात तो x चा वर्ग. आता g आणि h या दोघांकडून एकच उत्तर केव्हा मिळेल? h⁻¹g चं x शी जमत असेल तेव्हाच. म्हणजे प्रत्येक उत्तर अगदी तितक्याच वेळा येतं, जितक्यांचं x शी जमतं. तेव्हा वर्गातले घटक गुणिले x शी जमणारे घटक, बरोबर नऊ. नऊचे विभाजक तीनच: १, ३, ९. वर्गाला दुसरा आकारच उपलब्ध नाही.

सगळा गट अशा वर्गांत एकही घटक न सांडता वाटला जातो. अविकारक एकटाच बसतो, त्याचा वर्ग १ चा. समजा एकटा बसणारा तोच एक आहे. मग उरलेले आठ घटक तीन-तीनांच्या वर्गांत बसायला हवेत, कारण नऊचा वर्ग मावणार नाही. पण आठला तीनने भाग जात नाही. म्हणून एकटे बसणारे, म्हणजेच सगळ्यांशी जमणारे घटक, एकाहून जास्त असलेच पाहिजेत. या घटकांचा मिळून एक उपगट होतो, त्याला केंद्र म्हणतात. केंद्रातल्या घटकांची संख्या नऊचा विभाजक असणार आणि ती एक नाही, तेव्हा ३ किंवा ९.

इथे मला नेहमी थोडं थांबावंसं वाटतं, कारण खरी गंमत पुढच्या पावलात आहे. समजा केंद्रात तीनच घटक आहेत. बाहेरचा एक x घ्या आणि विचारा, याच्याशी कितीजणांचं जमतं? केंद्रातले तिघे आहेतच, त्यांचं सगळ्यांशी जमतं. शिवाय x स्वतः. झाले चार. पण x शी जमणाऱ्यांचाही उपगटच असतो, तेव्हा त्यांची संख्या नऊला भागली पाहिजे. चार भागत नाही, पाच नाही, सहा, सात, आठ कुणीच नाही. तिनाच्या पुढे एक पाऊल टाकलं की थेट नऊ. म्हणजे x चं सगळ्यांशीच जमतं, मग तो केंद्रातच हवा होता. आणि आपण तर तो बाहेरून उचलला होता. तेव्हा केंद्र तिनाचं असूच शकत नाही. ते नऊचं आहे, म्हणजे अख्खा गट क्रमनिरपेक्ष आहे. तिनाच्या जागी कोणतीही मूळ संख्या p ठेवा, एक अक्षर बदलावं लागत नाही.

पुष्कळ पाठ्यपुस्तकं हा शेवट वेगळा करतात. गटाला केंद्राने भागलं की p घटक उरतात, तो गट एकाच घटकाच्या घातांचा, म्हणून मूळ गट क्रमनिरपेक्ष. सिद्धता अचूक आहे. तरी मला ती कमी आवडते, कारण p आणि p² यांच्यामध्ये कोणताही विभाजक नाही, आणि सारं त्यावरच उभं आहे, हे तिच्यात दिसेनासं होतं.

आता चौकोनी कागदाच्या आठांकडे हाच युक्तिवाद नेऊन पाहा. तिथेही केंद्र अविकारकापुरतं नाही: अर्धा फेरा सगळ्यांशी जुळतो, आधी पालथा घाला की नंतर. मोजणी होते ८ = १ + १ + २ + २ + २. बाहेरचा x घेतला तर केंद्रातले दोन आणि तो मिळून तीन. तीन आठला भागत नाही, पण पुढे लगेच आठ गाठण्याची सक्ती नाही, मध्ये चार आहे. x शी चारांचंच जमतं, उरलेल्या चारांचं नाही, आणि कुठेही विसंगती येत नाही. छत्तीस हा वर्ग असूनही तो मूळ संख्येचा नाही, म्हणून त्यालाही हे संरक्षण मिळत नाही. छत्तीस घटकांचे क्रमनिरपेक्ष नसलेले गट आहेत.

वर म्हटलेला सत्तावीसचा गट कागदावर सहज मांडता येतो. तीन ओळी-तीन स्तंभांच्या सारण्या घ्या, कर्णावर १, कर्णाखाली ०, कर्णाच्या वरच्या बाजूच्या तीन जागांत ०, १ किंवा २, आणि सगळा हिशेब तिनाने भागून उरणाऱ्या बाकीत करा. केंद्रात तीन सारण्या, उरलेल्या चोवीस तिघा-तिघांच्या आठ वर्गांत. मूळ संख्येच्या वर्गाइतके घटक असले तर दोनच प्रकारचे गट होतात आणि दोन्ही क्रमनिरपेक्ष. घनाइतके असले तर p कोणताही असो, प्रकार पाच होतात आणि त्यांतले दोन क्रमनिरपेक्ष नसतात.