कालकथित लेखकाची कथा आणि पाच सह्या

अनेक लेखकांच्या कथांचा संग्रह काढायचा म्हटले की लोकांना वाटते, निवड हेच त्यातले अवघड काम. आमचा अनुभव वेगळा आहे. आमच्या विहारातील वाचक मंडळाने असा संग्रह काढायचे ठरवून संपादनाचा भार आम्हा तिघांवर टाकला, तेव्हा ३७ कथा आल्या. लेखकाचे नाव झाकून तिघांनी त्या वेगवेगळ्या वाचल्या. त्यांपैकी नऊ कथा वसतिगृह आणि शिष्यवृत्ती याच विषयावर होत्या. त्या चांगल्या होत्या, पण नऊही छापल्या असत्या तर वाचकाला एकच कथा नऊ वेळा वाचल्यासारखे वाटले असते. त्यांतल्या दोन ठेवल्या. अखेर १४ कथा नक्की झाल्या आणि बाकीच्यांना आम्ही तसे पत्राने कळवले. महिन्याभरात हे सारे उरकले. खरे काम त्यानंतर सुरू झाले आणि त्यातले बरेचसे एकाच कथेपायी.

ही कथा एका कालकथित लेखकाची. काही वर्षांपूर्वी ती एका मासिकाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिन विशेषांकात आली होती. कथा १९५३ सालच्या एका गावातली आहे. विहिरीचा गाळ काढायला बोलावलेल्या माणसांना त्याच विहिरीचे पाणी वरून ओतून देतात, एवढाच तिचा विषय.

सर्व कथांत सारखेपणा आणताना या कथेवर आमच्यात वाद झाला. निवेदनाचे शुद्धलेखन मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे ठेवायचे आणि पात्रांच्या तोंडची बोली तशीच राहू द्यायची, हे आम्ही आधीच ठरवले होते. बोलीत पाहायचे ते एवढेच, की तीच म्हातारी एका पानावर 'न्हाई' आणि पुढच्या पानावर 'नाय' म्हणत नाही ना. त्यासाठी प्रत्येक कथेचा एक कागद केला. डाव्या बाजूला पात्राचे नाव, उजव्या बाजूला त्याच्या तोंडचे नेहमीचे शब्द. मुद्रिते तपासताना हा कागद फार उपयोगी पडतो. मात्र वऱ्हाडातल्या पात्राची बोली साताऱ्याच्या पात्रासारखी करणे म्हणजे सारखेपणा नव्हे. सारखेपणा एका कथेच्या आत पाहायचा, चौदा कथांना मिळून नाही.

वाद होता तो 'महारवाडा' या शब्दाचा. इतर कथांत 'बौद्धवाडा' आहे, तेव्हा इथेही तोच शब्द करावा, असे आमच्यातील एका आयुष्यमतींचे म्हणणे. पोटातून आलेले म्हणणे होते ते. तो शब्द पुन्हा छापायला कुणाला आवडेल? पण कथा १९५३ ची. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा अजून व्हायची होती. त्या वस्तीला तेव्हा 'बौद्धवाडा' म्हटले, तर दीक्षेने काय बदलले हेच पुसले जाते. शिवाय लेखक हयात असता तर त्याला विचारता आले असते. आता विचारणार कुणाला? कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला आपल्या लेखनाची मोडतोड रोखण्याचा हक्क दिला आहे आणि त्याच्या पश्चात त्याचे वारस तो बजावू शकतात. शब्द तसाच राहिला.

मग परवानगी. मासिकाच्या संपादकांना कळवले तर उत्तर आले, "कथा आमची आहे, आम्ही देतो परवानगी." तसे नसते. मासिकाच्या पगारी नोकरीत राहून लिहिले असेल तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या लेखकाने लेखी हक्क दिले नसतील, तर कथा त्याचीच राहते. मासिकाकडे तसा कागद नव्हता. आम्ही पूर्वप्रसिद्धीचा उल्लेख करण्याचे मान्य केले आणि घरच्यांकडे गेलो.

कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो आणि ही वर्षे मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या कथांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. आमचे लेखक तर अलीकडेच गेलेले. थोरला मुलगा म्हणाला, "जयभीम, घ्या ना कथा. आईची सही घेतो, झालं." आम्ही विचारले, मृत्युपत्र आहे का? नव्हते. मग पुस्तकाचा हक्क घराच्या वाटणीसारखाच वाटला जातो. हिंदू वारसा कायदा, १९५६ नावाने हिंदू असला तरी बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात पत्नी, मुलगे, मुलगी आणि लेखकाची आई या सर्वांना सारखा वाटा आहे. लेखकाची वृद्ध आई हयात होती. म्हणजे पत्नी, दोन मुलगे, मुलगी आणि आई असे पाच मालक.

"बहिणीची सही कशाला? ती तर लग्न होऊन गेली," असे धाकटा म्हणाला. हे बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून! मुलीच्या वाट्याची तरतूद असलेले हिंदू कोड बिल अडवले गेले आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, हे त्याला माहीत होते. आम्ही फक्त कागद पुढे केला. त्यावर पाच ओळी आखल्या होत्या.

करारपत्र एकाच पानाचे आणि मराठीत होते. हयात लेखकांनाही तेच दिले. त्यात पहिली गोष्ट ही, की कथा आम्ही विकत घेत नाही. या एका संग्रहात छापण्याची परवानगी घेतो. छापील आणि ई-पुस्तक, एवढेच. भाषांतर, नाटक, चित्रपट, दुसऱ्या संग्रहात छापणे हे सर्व लेखकाकडे. मुदत दहा वर्षे आणि क्षेत्र सर्व जग, असे स्पष्ट लिहिले, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि क्षेत्र लिहिले नाही तर भारतापुरते. आमच्या काही वाचकांचे नातलग परदेशात असतात, म्हणून ते महत्त्वाचे. मानधन प्रत्येक कथेला १,५०० रुपये आणि दोन प्रती. पुनर्मुद्रण झाले तर पुन्हा मानधन. पुस्तक दीड वर्षात निघाले नाही तर परवानगी रद्द. शुद्धलेखनापलीकडचा कोणताही बदल लेखकाला दाखवल्याशिवाय करायचा नाही. आणि शेवटी लेखकाची हमी, की कथा त्याची स्वतःची आहे व ती इतरत्र छापून आली असल्यास कुठे. वारसांच्या कागदावर ही हमी "आमच्या माहितीप्रमाणे" एवढ्या शब्दांनी सौम्य केली. मेलेल्या माणसाच्या लेखनाची शपथ दुसऱ्याला कशी घेता येईल?

चौदा कथांचे मिळून २१,००० रुपये झाले. छपाईच्या अंदाजात ही रक्कम आधीच धरली होती, म्हणून ओढाताण झाली नाही. पाच वारसांना प्रत्येकी ३०० रुपये आले. रक्कम लहान, पण पाच पावत्या झाल्या.

मुलगी नांदेडला असते. तिने सही करण्याआधी मुद्रित मागवून घेतले, वडिलांची कथा दोनदा वाचली आणि एक चूक दाखवली. आमच्या अक्षरजुळणीत 'पोहरा'चा 'पाहरा' झाला होता. आजीला कागद मोठ्याने वाचून दाखवला, अंगठा घेतला आणि त्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. तिने एकच विचारले, "पुस्तकात त्याचं नाव पूर्ण लिवनार ना, बापाच्या नावासगट?" लेखक नेहमी आद्याक्षरेच लिहीत असे, म्हणून कथेवर त्याची आद्याक्षरेच राहिली. शेवटच्या लेखक-परिचयात मात्र आम्ही बापाच्या नावासकट पूर्ण नाव दिले.