डग्गा परत येतो तेव्हा

मला गाता येत नाही, तबल्यावर बोटही फिरत नाही. तरी मैफलीत बसलो की सम येण्याआधी तिची चाहूल लागते. हे देणं अंबडच्या एका कारखान्यात टर्नर असलेल्या माणसाचं. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. पहिली पाळी सुटली की ते सायकलने सिडकोतल्या घरी येत, चहा घेत आणि तबला काढत. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. भिंतीपलीकडून ऐकता ऐकता मी त्यांच्यासमोर जाऊन बसू लागलो.

मी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायचो. तात्यांनी माझा हात धरून खाली ठेवला. "मोजू नकोस. डग्गा ऐक."

त्रितालाचा ठेका सोळा मात्रांचा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नवव्या मात्रेला काल. टाळी देणारा तिथे हात मोकळा सोडतो, पण या ठेक्यात डग्ग्याचा घुमारा जातो तो दहाव्या मात्रेपासून. तिं तिं ता, ता, एवढा वेळ नुसता उजव्या हाताचा कोरडा आवाज. चौदाव्या मात्रेच्या 'धिं'ला घुमारा परत येतो. तिथून तीन मात्रांवर सम. तात्या मला डोळे मिटायला लावत आणि डग्गा परतला की मांडीवर थाप मारायला सांगत. बाकी काही नाही. आधी थाप मागे पडायची. मग एका संध्याकाळी ती त्यांच्या हाताबरोबर पडली, आणि पुढची सम न मोजता हाती आली.

मुखडा त्यानंतर सोपा झाला. मध्यलयीतल्या पुष्कळ बंदिशी कालापासून उठतात आणि आठ मात्रांत समेच्या अक्षरावर येतात. तबलजीही आवर्तनाच्या शेवटी ठेका सोडून दाट बोलांचा छोटा मुखडा लावतो. विरळ ठेक्यात अचानक अशी दाटी झाली की सम जवळ आली हे कानाला आपोआप कळतं. तात्यांकडे अहमदजान थिरकवाँ खाँसाहेबांच्या एकल वादनाची कॅसेट होती. खाँसाहेब गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला होते, हे सांगताना तात्यांचा आवाज बदलायचा. त्यांचं ठाम मत होतं की नाटकाच्या प्रेक्षकांना समेवर दाद द्यायला त्या तबल्यानेच शिकवलं असणार. मला ते पटतं.

तिहाईला मात्र तात्यांनी वही काढली. 'तिट कत गदि गन धा'. दर मात्रेला दोन अक्षरं, अशा चार मात्रा आणि पाचवीवर धा. मग एक मात्रा दम. हेच तीनदा. समेपासून सुरू केलं की पहिला धा पाचव्या मात्रेवर, दुसरा अकराव्या आणि तिसरा सतराव्या, म्हणजे पुढच्या समेवर. "पहिल्या धाला काही समजत नाही," ते म्हणाले, "दुसऱ्या धाला अंतर समजतं. तिसरा धा तू स्वतःच मनात वाजवतोस, मी फक्त त्यावर हात ठेवतो."

मग त्यांनी मुद्दाम दम गाळून वाजवलं. धा पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या मात्रेवर. दोन्ही अंतरं सारखी, बोल स्वच्छ, आणि तरी काहीतरी अडकल्यासारखं झालं. पेटीवर त्यांचा मुलगा लेहरा धरून होता. त्याची चाल अजून दोन मात्रा लांब होती. तिहाई नुसती तिप्पट ऐकली तर फसायला होतं, खाली लेहरा वाहतोय तोही कानात हवा, हे मला तेव्हा कळलं. फसलेल्या तिहाईवर टाळ्या पडतात तेव्हा लोकांचा लेहरा सुटलेला असतो.

शेवटची गोष्ट त्यांनी पुष्कळ दिवसांनी दाखवली, मला समेचा भरवसा आल्यावर. तीच सतरा मात्रांची तिहाई त्यांनी आठव्या मात्रेपासून उचलली. तिसरा धा आला आणि मी मान हलवली. ते हसले नाहीत, थांबलेही नाहीत. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि त्याने बंदिशीचा मुखडा उचलला. आवर्तन सोळाचं, तिहाई सतराची, म्हणून ती जिथून सुटेल त्याच मात्रेवर येऊन टेकते. आठव्यावरून निघाली, आठव्यावर आली. नवव्या मात्रेपासून मुखडा, आणि सम अजून तिथून आठ मात्रा पुढे. तिहाई मुखड्याच्या दारात सोडायची आणि सम गाणाऱ्याला द्यायची, साथीतली ही रीत तात्यांना सगळ्यात प्रिय होती.

त्यांनी माझ्याकडून कधी पैसे घेतले नाहीत. मी फीचं विचारलं तेव्हा म्हणाले, "वाजवणारे मला रोज भेटतात. ऐकणारा एक तरी नीट तयार व्हायला हवा ना?"