डोंगळ्याच्या शेतातल्या पेट्या

"भाऊ, मक्याला कधी पेट्या मागवल्या नाहीत, मग कांद्यालाच हा खर्च कशाला?" जालना-बुलढाणा पट्ट्यात डोंगळ्याच्या शेतात मधपेट्या उतरवताना हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतोच. प्रश्न रास्त आहे. माझं भाडं त्याच्याच खिशातून जायचं असतं.

मक्याचा तुरा झटकला की हातावर पिवळी, कोरडी भुकटी पडते. ते पराग. एका तुऱ्यातून लाखो कण सुटतात. त्यातले बहुतेक वाया जातात आणि तेवढी उधळपट्टी मक्याला परवडते. खाली कणसाच्या तोंडाशी केस लोंबत असतात. एका केसावर एक कण रुजला की एक दाणा भरतो. मका एकाच ओळीत लावला तर वारा पराग भलतीकडे नेतो आणि कणसं बोडकी राहतात, म्हणून तो चौकोनात लावायचा. एवढं सांभाळलं की वारा आपलं काम फुकटात करतो.

कांद्याच्या गोंड्यावर हीच भुकटी शोधून बघा, उडताना दिसणार नाही. पराग चिकट असतात आणि असतात तेही थोडे. एका गोंड्यात शेकडो फुलं, प्रत्येक फुलात सहा पुंकेसर आणि मधोमध तीन कप्प्यांचा बीजकोश. सगळं जमून आलं तर एका फुलातून सहा काळे दाणे निघतात. खरी मेख वेळेत आहे. फूल उमललं की आधी पुंकेसर फुटतात आणि दीड-एक दिवसात पराग सांडून मोकळे होतात. तेव्हा मधली काडी आखूडच असते. ती वाढून तिचं टोक पराग धरण्याजोगं होईपर्यंत त्या फुलाचे स्वतःचे पराग संपलेले असतात. शेजारच्या, नुकत्याच उमललेल्या फुलात ते असतात, पण तिथून आणणारं कुणीतरी लागतं.

उघडं फूल असल्याने माशी, भुंगा, फुलोरी, आग्या, कुणीही ते काम करतं. पण एकराचा डोंगळा काही आठवडे रोज नव्याने उमलत राहतो. तेवढ्या फुलांना पुरतील इतके किडे बांधावर उरलेले नाहीत. आग्याचं मोहोळ कुणी जाळून उतरवलं, की त्या शिवारातलं मोठं बळ गेलंच. पेटीत मात्र हजारो कामकरी माश्या एकगठ्ठा येतात आणि हव्या त्या दिवशी येतात.

तो दिवस मी घाईने ठरवत नाही. शेतकरी म्हणतो, "आताच आणून ठेवा." मी थांबतो. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, माश्यांना तो फारसा रुचत नाही. फुलं नसताना पेट्या आल्या तर माश्या शेजारची मोहरी नाहीतर धने शोधतात आणि मग तिकडेच जात राहतात. म्हणून दहातलं एक फूल उमललं की रात्री पेट्या आणायच्या. एकरी दोन-तीन भरलेल्या मेलिफेराच्या पेट्या पुरतात. तोंड पूर्वेला, दुपारी सावली, जवळ पाणी. शेजारी धने जोरात फुलले असतील तर एखादी पेटी जास्त लागते.

काम झालं की नाही, हे मध बघून कळत नाही. फुलोऱ्यानंतर गोंडा हातात घ्या. फळलेला बीजकोश हिरवा, टपोरा, तीन उभारांचा दिसतो. न फळलेलं फूल कागदासारखं वाळून चुरगळतं. खात्री करायची असेल तर उमलण्याआधी एका गोंड्याला मलमलची पिशवी बांधा आणि शेवटी शेजारच्या गोंड्याशी दाणे ताडून बघा.

पलीकडे देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीच्या संकरित बियाण्यासाठी बाया एकेका फुलाला हाताने पराग लावतात. फूल मोठं आणि दाणा महाग, म्हणून ते परवडतं. साध्या कांद्याच्या गोंड्यात शेकडो फुलांना कोण हात लावणार? हिमाचलात सफरचंदाच्या बागेतही पेट्या भाड्याने नेतात, कारण वेगळं असलं तरी. रॉयल डेलिशियसला स्वतःच्या जातीचे पराग चालत नाहीत, मधे गोल्डन डेलिशियससारखी दुसरी जात लावावी लागते. तिथल्या थंडीत आपली सातेरी मेलिफेराच्या आधी बाहेर पडते.

पेट्या ठेवूनही दाणे कमी भरतात, त्यामागे बहुतेक वेळा फवारणी असते. फुलकिड्यांवरचं औषध फुलं उमलण्याआधीच उरकून घ्यावं. फुलोऱ्यात मारलं, की सकाळी पेटीच्या तोंडाशी जिभा बाहेर काढून मेलेल्या माश्यांचा ढीग पडतो. उरलेल्या माश्यांनी मग त्या हंगामात शेत धरणं अवघड. पेट्यांचं भाडं मात्र द्यावंच लागतं.

तेव्हा यंदा डोंगळा लावणार असाल, तर पेट्यांची बोली करतानाच फवारणीच्या तारखाही सांगून ठेवा. आणि शेजाऱ्यालाही विचारा. माशी बांध ओळखत नाही, औषध त्याच्या शेतातलं असलं तरी मरते ती तुमचीच.