इन्व्हर्टरची वीज आणि फुफाजींचा श्वास

आमच्या शहापूर-मुरबाडकडे पावसाळ्यात वीज गेली की ती कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. जंगलातून आलेल्या तारांवर एखादी फांदी पडली की लाइनमनला ती जागा शोधायलाच तास-दोन तास जातात. म्हणून आता खेडोपाडी घराघरांत इन्व्हर्टर आले आहेत. इन्व्हर्टर घेताना लोक बॅटरी केवढी आणि पंखे किती चालतील एवढेच विचारतात. त्यातून निघणारी वीज कोणत्या चालीची आहे, हे क्वचितच कुणी विचारते. मी शहापुरात मोटर वाइंडिंगचे काम करतो, त्यामुळे या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जळालेल्या तारांच्या रूपाने माझ्या टेबलावर येत असते. पण गेल्या पावसाळ्यात हाच प्रश्न सरळगावजवळ माझ्या फुफीच्या घरी एका माणसाच्या श्वासाशी येऊन भिडला.

फुफाजींची फुप्फुसे कमजोर झाली आहेत. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावायला सांगितला. हे यंत्र खोलीतली हवा कॉम्प्रेसरने दाबते, त्यातला नायट्रोजन बाजूला काढते आणि नळीतून नव्वद टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन देते. घरात पाच वर्षांपूर्वीचा इन्व्हर्टर होता. दिवे आणि दोन पंखे त्याने कधी अडवले नव्हते, म्हणून यंत्रही त्यावरच जोडले. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा यंत्र कण्हल्यासारखा आवाज करीत सुरू झाले, पण थोड्या वेळाने हिरव्याऐवजी पिवळा दिवा लागला. ऑक्सिजनचे प्रमाण कमी पडते आहे, साधारण ८५ टक्क्यांच्या खाली गेले आहे, अशी ती खूण असते. फुफीने लगेच सिलिंडर लावला आणि मला फोन केला, “बेटा, मशीन नवं आहे, तरी खराब निघालं बघ!”

किन्हवलीच्या रस्त्याने मी तिथे पोहोचलो तोवर वीज परत आली होती आणि यंत्र महावितरणच्या विजेवर बिनतक्रार चालत होते. म्हणजे दोष यंत्रात नव्हता. गावातल्या एका मुलाने त्याआधी साध्या मल्टिमीटरने इन्व्हर्टर मोजला होता. मीटरने १८० व्होल्ट दाखवले, म्हणून त्याने स्टॅबिलायझर लावायचा सल्ला दिला होता. मी मुख्य स्विच बंद करून माझ्या ‘ट्रू आरएमएस’ मीटरने मोजले. त्यावर २२८ व्होल्ट आले. मीटर दोन्ही नीटच होते. फरक पडला तो विजेच्या आकारामुळे.

महावितरणची वीज झोक्यासारखी असते. ती हळूहळू वर चढते, टोकाला पोहोचते, तशीच अलगद खाली येते आणि दुसऱ्या बाजूला जाते. असे एका सेकंदात ५० झोके होतात. यालाच शुद्ध साइन वेव्ह म्हणतात. स्वस्त इन्व्हर्टर झोका देत नाही, धक्के देतो. वीज एकदम वर उडी मारते, तिथे थांबते, शून्यावर आदळते आणि पुन्हा एकदम उलट्या बाजूला उडी मारते. बाजारात यालाच मॉडिफाइड साइन म्हणतात. मधला शून्याचा थांबाही नसेल तर ती स्क्वेअर वेव्ह. साधा मल्टिमीटर समोर झोकाच आहे असे धरून हिशेब करतो, म्हणून मॉडिफाइडवर तो कमी आकडा दाखवतो आणि स्क्वेअरवर जास्त. त्या १८०वर विश्वासून स्टॅबिलायझर लावला असता तर मुळात पुरेसे असलेले व्होल्ट उगाच वाढले असते आणि आकार मात्र तसाच राहिला असता.

मग २२८ व्होल्ट असूनही कॉम्प्रेसर का कण्हला? या धक्क्यांच्या विजेत ५० हर्ट्झच्या झोक्याचा भाग व्होल्टेजच्या साधारण नऊ दशांशच असतो, म्हणजे २३०मधून सुमारे २०७. उरलेला भाग १५०, २५० अशा चढत्या हर्ट्झचा असतो. तो मोटर फिरवत नाही. तो तांब्याच्या तारा आणि लोखंडी पत्रे तापवतो, आणि कानाला घूंऽऽ असा आवाज येतो तोही त्याचाच. मोटरचा सुरू होण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. त्यामुळे व्होल्टेज एक दशांश कमी झाले की जोर जवळजवळ एक पंचमांश जातो. भरीला मोटरच्या कॅपेसिटरमधून दर धक्क्याला करंटची उसळी जाते आणि तोही तापतो. फुफाजींच्या यंत्रात कॉम्प्रेसर धापा टाकत होता, हवेचा दाब पुरेसा भरत नव्हता आणि म्हणून ऑक्सिजन पातळ होत होता.

खात्री करायला मी दुकानातून ११०० व्हीएचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर सोबत नेला होता. तीच बॅटरी त्याला जोडली आणि मुख्य स्विच पुन्हा बंद केला. यंत्र एकदम सुरू झाले आणि काही मिनिटांत दिवा हिरवा झाला. फुफी म्हणाली, “आता खरंच आवाज वेगळा येतोय.” तिने बरोबर ओळखले होते. मीटर नसलेल्या घरात कान आणि तळहात हीच मोजायची साधने. महावितरणच्या विजेवर गप्प चालणारी वस्तू इन्व्हर्टरवर गुणगुणायला लागली आणि नेहमीपेक्षा जास्त तापली, तर तिला ही वीज मानवत नाही असे समजावे.

ज्याच्यात कॅपेसिटरची मोटर किंवा कॉम्प्रेसर आहे त्याला याचा त्रास होतो. साधा छताचा पंखा चालतो, पण गुणगुणतो आणि जास्त तापतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर आणखी बिघडतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना अडखळतो, आणि त्या फ्रिजमध्ये कुणाचे इन्सुलिन असेल तर ती बाब साधी राहत नाही. आपल्याकडे सर्रास विकले जाणारे, थेट पिन खुपसून चार्ज करायचे स्वस्त टॉर्चही यात येतात. त्यांच्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कॅपेसिटरवरच सारा भार असतो आणि तो या धक्क्यांनी जळू शकतो. उलट मोबाइलचे चांगले चार्जर, लॅपटॉप आणि टीव्ही वीज आत घेतल्यावर आधी डीसी करून घेतात, म्हणून त्यांचे बहुधा निभावते. बीएलडीसी पंख्याचेही तसेच.

त्यामुळे फुफीचा जुना इन्व्हर्टर फेकला नाही. दुसऱ्या एका जुन्या बॅटरीवर तो दिवे आणि मोबाइल सांभाळतो. नवा फक्त फुफाजींच्या खोलीसाठी आहे. दुकानात दोन प्रकारांत अठराशे रुपयांचा फरक होता. घेताना खोक्यावर ‘शुद्ध साइन वेव्ह’ असे स्पष्ट लिहिलेले पाहावे. ‘साइनसारखी’ किंवा ‘मॉडिफाइड’ म्हणजे तेच धक्के. व्हीएचा आकडाही सढळ घ्यावा, कारण चालताना ३५० वॅट घेणारा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो.

एक गोष्ट मात्र आकार सुधारल्याने बदलत नाही, ती म्हणजे वेळ. १२ व्होल्ट, १५० एएचची चांगली बॅटरी ३५० वॅटचे यंत्र अडीच-तीन तासच ओढते, आणि जुनी झाली की त्याहून कमी. आमच्याकडची वीज कधी कधी रात्रभर येत नाही. म्हणून फुफाजींच्या खाटेशेजारी भरलेला सिलिंडर उभाच असतो, आणि महिन्यातून एकदा मुख्य स्विच बंद करून यंत्र हिरव्या दिव्यावर किती वेळ टिकते ते फुफी घड्याळ लावून पाहते.