तीस सेकंदांत मावा जिलेबी

बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी घरी कशी करायची, याचा बारा मिनिटांचा व्हिडिओ माझ्या मावशीने तयार केला. संहिता सुमारे 1,400 शब्दांची. तिची तीस सेकंदांची झलक करायचं काम घरातला इंजिनिअर म्हणून माझ्याकडे आलं.

आधी हिशेब केला. मावशी सावकाश बोलते, सेकंदाला साधारण दोन शब्द. म्हणजे तीस सेकंदांत साठ शब्द. त्यातही कढईतला चर्र आवाज ऐकू यायला हवा, म्हणून पन्नासच धरले. 1,400 मधून पन्नास! प्रत्येक पायरीचं एकेक वाक्य घेतलं असतं, तर घाईघाईने वाचलेली अनुक्रमणिका झाली असती. म्हणून संहिता कापायची सोडून मी मावशीला विचारलं, "लोकांची ही जिलेबी बिघडते कुठे?" ती लगेच म्हणाली, "अरे, तुपात सोडली की फुटते." झलक तिथूनच सुरू केली :

"मावा जिलेबी तुपात सोडली आणि तिचे तुकडे झाले? दोष हाताचा नाही, बहुतेक वेळा मावा मळण्यात असतो. पूर्ण व्हिडिओत तीन गोष्टी दाखवल्या आहेत : मावा किती मळायचा, पिठाची चाचणी कशी घ्यायची आणि तूप किती तापवायचं. बुऱ्हाणपूरची काळसर, रसरशीत जिलेबी घरच्या कढईतून अख्खी निघते. कशी, ते बारा मिनिटांत बघा."

हे 46 शब्द झाले. पहिल्या वाक्याला फुटलेली जिलेबी दिसते, शेवटच्याला पाकातून उचललेली अख्खी.

मावशीला त्यात आरारूटचं प्रमाणही हवं होतं, "म्हणजे लोकांना खरं वाटेल." मी नको म्हटलं. नुसतं प्रमाण ऐकून कुणी मावा आणला आणि मळायची रीत पाहिलीच नाही, तर जिलेबी फुटणार आणि महागाचा मावा वाया जाणार. अर्धी कृती देणं हे काहीच न देण्यापेक्षा वाईट. म्हणून झलकेत अडचण सांगितली, तिचं कारण सांगितलं, शेवट दाखवला. उपाय मात्र पूर्ण व्हिडिओसाठी राखला, कारण तो हाताने करताना पाहावा लागतो.

"हलवायाचं गुपित" हे शब्दही मी काढले. संहितेत गुपित नव्हतंच, होती ती नीट समजावलेली रीत. झलकेतलं प्रत्येक वचन मूळ व्हिडिओत कितव्या मिनिटाला पुरं होतं, ते मी समोर लिहून पाहिलं. पिठाच्या चाचणीसमोर जागा रिकामी राहिली. एक छोटी जिलेबी आधी तळून बघायची, हे मावशी चित्रीकरणात बोललीच नव्हती!

झलकेतून चाचणी काढणं सोपं होतं. पण मावशीने पुन्हा कढई चढवली आणि तेवढा भाग नव्याने चित्रित केला. "सांगितलंय तर दाखवायलाच हवं," ती म्हणाली.