कठड्याचा गंजलेला नट

आमच्या वसतिगृहाच्या पहिल्या मजल्यावरील लोखंडी कठडा ज्या खांबांवर उभा आहे, त्या प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी एक चौरस प्लेट असून ती चार नटांनी आवळलेली आहे. हे नट ज्या आट्यांच्या सळयांवर बसतात, त्या सळया स्लॅब ओततानाच काँक्रीटमध्ये रोवलेल्या आहेत. नट बिघडला तर बाजारात दुसरा मिळतो. सळई तुटली तर मात्र स्लॅब फोडावा लागतो. गंजलेला नट काढताना हाच भेद ध्यानी ठेवावा लागतो, हे आम्हांस एका खांबाच्या दुरुस्तीत नीट उमगले.

तो खांब हात लावताच डुलू लागला होता. सुट्टीत मुले त्याच कठड्याला टेकून उभी राहतात. आम्ही त्या बाजूचा वावर दोरी बांधून बंद केला आणि आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेतलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यास बोलावले. व्हरांडा रोज धुतला जातो, पाणी प्लेटखाली साचते आणि नटाच्या आट्यांत गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून नट आणि सळई यांच्यातील बारीक फट भरून जाते आणि दोन्ही एकमेकांत घट्ट रुततात.

त्याने चारही नटांवर तेल सोडून रात्र जाऊ दिली. सकाळी सळईच्या टोकावरून नटावर खडूची एक सरळ रेघ ओढली व मग पाना लावला. दोन नटांवरची रेघ मोडली. म्हणजे नट फिरला, सळई जागेवर राहिली. तिसऱ्यावर रेघ न मोडता सगळीच सरकू लागली व हाताला रबरासारखी लवचीक ओढ जाणवली. त्याने तत्काळ पाना काढला. "सर, आता नट नाही, सळई पिळते आहे. आणखी जोर लावला तर ती तुटेल." पान्याला लांब पाइप जोडून ताकद वाढवण्याचा उपाय येथेच घातक ठरतो.

या तिसऱ्या नटासाठी त्याने नट स्प्लिटर वापरला. हे एक जाड कडे असते. त्यात कठीण पोलादाची पाचर आणि ती पुढे रेटणारा स्क्रू असतो. कडे नटाभोवती घालून पाचर नटाच्या सपाट बाजूवर मधोमध टेकवायची, कोपऱ्यावर नव्हे. कारण सपाट बाजूशी भिंत सर्वांत पातळ असते. आमची सळई १२ मिलिमीटरची व नट १९ मिलिमीटर रुंदीचा. म्हणजे तेथे भिंत अवघी साडेतीन मिलिमीटर. स्क्रू आवळता आवळता 'कट्ट' असा आवाज होतो व हात एकदम हलका पडतो. तेथेच थांबायचे, पुढे रेटल्यास पाचर सळईचे आटे चिरते. मग समोरच्या बाजूवर तेच केले की नटाची दोन शकले होतात. तुकडा उडू शकतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

चौथ्या नटाला चिकटूनच खांबाची आधारपट्टी होती; कडे बसेना. तेथे हॅक्सॉ घ्यावा लागला. पाते २४ दात्यांचे, दाते पुढच्या दिशेला. नटाच्या मोकळ्या बाजूस, सळईला समांतर, वरून थेट वायसरपर्यंत काप घ्यायचा, म्हणजे नटाची एक बाजू चकतीसारखी सुटते. नटाबाहेर आलेले सळईचे टोक हीच मार्गदर्शक खूण. पाते तिच्यापासून अर्धा मिलिमीटर दूर राहिले पाहिजे. आट्यांच्या माथ्यावर चकाकी दिसू लागली की पाते आत झुकले असे समजून ते सरळ करावे. चकती सुटल्यावर उरलेल्या कडेला छिन्नी तिरकी लावून नट उघडण्याच्या दिशेने हलके ठोके दिले. पातळ राहिलेला पापुद्रा फाटला आणि नट फिरला.

हे सर्व करताना एका वेळी एकच नट काढला, त्याजागी नवा बसवला आणि मगच पुढच्यास हात घातला. खांब कधीही मोकळा सोडला नाही. नवा नट लावण्यापूर्वी सळई तारेच्या ब्रशने घासून प्लेटच्या पातळीवर न्याहाळली. तेथे ती गंजाने कंबरेसारखी बारीक झाली असती, तर आटे शाबूत असूनही ती निकामीच ठरली असती. आमच्या चारही सळया जाडीला भरल्या. ग्रीस लावून नवा नट बोटांनीच शेवटपर्यंत फिरवून पाहिला. तो बोटांनी अडला असता तर आटे आधी दुरुस्त करावे लागले असते. मग पान्याने आवळला व प्लेटच्या कडेने रंग भरून पाण्याची वाट बुजवली.